कोष्टक भरा, वाक्य तपासा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाचं वाक्य घेऊ: ‘भाविक औंढ्याला गेले’. आपलं छोटं व्याकरण असं:

```
वाक्य → कर्ता क्रियाखंड
क्रियाखंड → स्थळ क्रियापद
```

वाक्य या व्याकरणात बसतं का, हे पाहायला कोष्टकात आधी एकेका शब्दाचं घर भरायचं: कर्ता, स्थळ, क्रियापद. मग दोन-दोन शब्दांची घरं. ‘भाविक औंढ्याला’साठी नियम नाही, घर रिकामं. ‘औंढ्याला गेले’ मात्र क्रियाखंड. शेवटी तिन्ही शब्द: पहिल्या शब्दानंतर तोडलं, तर कर्ता आणि क्रियाखंड मिळून वाक्य होतं. सर्वांत वरच्या घरात ‘वाक्य’ आलं, म्हणून उत्तर होय. लांब तुकड्यासाठी तोडण्याची प्रत्येक जागा तपासावीच लागते. एक सुटली, तरी बरोबर वाक्य नाकारलं जाऊ शकतं.

आता ‘भाविक गेले औंढ्याला’ घ्या. आपण सहज असं बोलतो, पण इथे वरचं घर रिकामंच राहतं. दोष कोष्टकाचा नाही, नियमांचा आहे. `क्रियाखंड → क्रियापद स्थळ` हा नियम जोडला, की तेही वाक्य स्वीकारलं जातं.

कॉक, यंगर आणि कासामी यांच्या नावाची ही पद्धत 1960च्या दशकातली. नियमाच्या उजवीकडे दोन घटक किंवा एकच शब्द हवा, ही तिची अट. दहा शब्दांना तोडण्याच्या 165 जागा तपासाव्या लागतात, वीस शब्दांना 1330.