दुबईची अकरा वर्षं, पुण्याच्या पाच ओळी

चिपळूणच्या माझ्या वर्गमित्राचा मुलगा गेल्या वर्षी दुबईहून कायमचा परत आला. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मुलगी पाचवीत गेली होती, आणि बायकोनं साफ सांगितलं होतं, की आता पुरे. त्यानं पुण्यात भाड्यानं घर घेतलं आणि नोकरी शोधायला लागला. दोन महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरला होता. "काका, चाळीस ठिकाणी बायोडेटा पाठवला. तीन फोन आले. त्यातल्या दोघांनी पगार ऐकून ठेवला, तिसऱ्यानं विचारलं, तुम्ही सध्या भारतात आहात का?"

माझी सगळी नोकरी पुण्यात बांधकाम कंपनीसाठी माणसं निवडण्यात गेली. त्यामुळे गल्फमधून आलेले बायोडेटे मी शेकड्यांनी वाचले आहेत, आणि खरं सांगायचं तर बरेचसे न वाचताच बाजूला ठेवले आहेत. त्यानं चार पानं टेबलावर ठेवली. वर त्याचा फोटो, खाली पासपोर्टचा नंबर, व्हिसाची मुदत, आणि मोबाइल नंबर प्लस नऊशे एकाहत्तरनं सुरू होणारा. तिसऱ्या कंपनीनं तो प्रश्न का विचारला, हे तिथंच कळलं. नोकरी डॉट कॉमवर माणसं शोधणारी मुलगी आधी शहर बघते. दुबई दिसलं, की ती पुढच्या नावावर जाते. पाच मिनिटांत भारतातला नंबर आणि 'पुणे' टाकलं. पासपोर्टचा नंबर मी स्वतः खोडला. गल्फमध्ये तो मागतात. इथं तो कुणाला नको असतो आणि तो असा वाटत फिरू नये.

मग वरची समरी. बायोडेटा इंग्रजीत असतो, तरी मी इथं मराठीत सांगतो. त्यानं लिहिलं होतं: 'अकरा वर्षांहून अधिक गल्फचा अनुभव असलेला उत्साही, ध्येयनिष्ठ एमईपी व्यावसायिक. प्रतिष्ठित उंच इमारतींचं काम. DEWA आणि सिव्हिल डिफेन्सच्या नियमांचं उत्तम ज्ञान. यूएईचं वैध ड्रायव्हिंग लायसन्स.'

DEWA म्हणजे दुबईचं वीज आणि पाणी खातं. तिकडची आपली मंडळी त्याला सरळ 'देवा' म्हणतात. देवाचं अप्रूव्हल आलं, देवाचं इन्स्पेक्शन उद्या आहे, असं बोलणं चालतं. पुण्यातल्या एचआरच्या मुलीला मात्र त्या चार अक्षरांतून काहीच कळत नाही. ती महावितरण आणि विद्युत निरीक्षक हे शब्द शोधत असते. सिव्हिल डिफेन्स वाचून तिला होमगार्ड आठवतो, महापालिकेच्या अग्निशमन दलाची एनओसी नाही.

इथं पहिला मोह होतो तो सरळ 'महावितरणच्या मंजुरीचा अनुभव' असं लिहून टाकण्याचा. ते खोटं होईल आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडेल. लिहायचं ते असं: 'वीज पुरवठादार आणि अग्निशमन खात्याच्या तपासण्यांना स्वतः हजर राहून इमारतीला वीजजोडणी मिळवली (दुबई).' काम कुठलं ते कळतं आणि कुठं केलं तेही लपत नाही. वाचणारा इंजिनिअर असेल, तर तो मनात लगेच विद्युत निरीक्षकाशी ताडून पाहतो.

मग मी त्याला विचारलं, "तू कुणाच्या बाजूनं होतास?" गल्फच्या साइटवर क्लायंट, कन्सल्टंट, मेन काँट्रॅक्टर आणि सबकाँट्रॅक्टर अशी उतरंड असते. 'बत्तीस मजली टॉवरवर काम केलं' हे चौघंही लिहू शकतात, आणि चौघांचं काम एकमेकांपासून फार वेगळं असतं. कन्सल्टंटचा माणूस तपासून सही करतो, सबकाँट्रॅक्टरचा माणूस पाइप टाकून घेतो. आमचा मुलगा सबकाँट्रॅक्टरचा. त्याला ते लिहायला कमीपणा वाटत होता. मी म्हटलं, अरे, पुण्यातल्या बिल्डरला पाइप टाकून घेणाराच हवा आहे.

टॉवर किती मोठा? त्यानं लिहिलं होतं, 'विजेच्या कामाची किंमत 18 मिलियन दिरहम'. दिरहमचे साधारण 23 रुपये धरले तर ते 41 कोटी होतात. एका निवासी इमारतीच्या विजेच्या कामाला 41 कोटी, हे पुण्यातला प्रोजेक्ट मॅनेजर वाचेल, तर त्याला थाप वाटेल. तिकडचे दर वेगळे, तिकडचं सामान वेगळं. पैशांचं भाषांतर इथं उपयोगाचं नाही. पण 42,000 चौरस मीटर म्हणजे साडेचार लाख चौरस फूट, 4 मेगावॉटच्या आसपास जोडभार, 60 माणसांची तुकडी, हे आकडे कुठल्याही साइटवर तेच राहतात. त्यावरून इथला माणूस तोलमोल करू शकतो. फक्त चौरस मीटरचे चौरस फूट करायचे, म्हणजे पावणेअकरानं गुणायचं, कारण आपल्याकडे बिल्डर, ग्राहक आणि ठेकेदार सगळे फुटांतच बोलतात.

पदाचा घोळ बाकी होता. बायोडेट्यात अकरा वर्षं 'साइट इंजिनिअर' होतं. अनुभवपत्र काढलं तर पहिली चार वर्षं 'इलेक्ट्रिकल फोरमन'. व्हिसावर जे पद होतं, तेच पत्रावर आलं होतं. गल्फमध्ये हे सर्रास होतं. काम इंजिनिअरचं, कागदावर फोरमन किंवा टेक्निशियन. पण पुण्यातल्या मोठ्या कंपन्या ऑफर दिल्यानंतर जुन्या कंपनीकडून माहिती पडताळून घेतात, आणि तेव्हा पद जुळलं नाही, की आलेली ऑफर परत जाते. असं झालेलं मी पाहिलं आहे, आणि त्यात माणूस खोटारडा नव्हता. म्हणून खाली पदाच्या रकान्यात पत्रातलंच पद लिहिलं आणि कंसात 'साइट इंजिनिअरच्या जबाबदाऱ्या'. वरच्या समरीत मोजणी प्रामाणिक ठेवली. दुबईत 11 वर्षं, त्यातली शेवटची 7 साइट इंजिनिअर म्हणून.

बिलाचंही तसंच. पुण्यात साइट इंजिनिअरकडून ठेकेदाराचं आरए बिल तपासायची किंवा स्वतः बनवायची अपेक्षा असते. दुबईत ते क्वांटिटी सर्व्हेअर करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "बिल नाही केलं काका, पण दर महिन्याला झालेल्या कामाची मोजमापं मीच काढून द्यायचो." तेवढंच लिहिलं. एक शब्द जास्त नाही.

आता खरा मुद्दा, जो तिसऱ्या पानावर तळाशी एका ओळीत पडलेला होता: 'डीएलपी टीममध्ये 14 महिने'. डीएलपी म्हणजे ताबा दिल्यानंतरचा दोषनिवारणाचा काळ. रहिवासी तक्रार करतो, तुम्ही जाऊन पाहता, स्विच गरम का होतो, आरसीसीबी सारखा का पडतो, आणि दुरुस्त करून देता. दुबईत विजेच्या आणि प्लंबिंगच्या कामासाठी हा काळ कायद्यानं एक वर्षाचा. त्याला ते चौदा महिने कंटाळवाणे वाटले होते. "नवीन टॉवरवरून काढून मला त्या तक्रारींवर टाकलं होतं," तो म्हणाला. त्याच्या लेखी ती पिछेहाट होती.

मी त्याला विचारलं, तू इथून कधी गेलास? 2013 साली. 2013 च्या पुण्यात ताबा दिल्यावर बिल्डर बहुतेक वेळा फोन उचलत नसे. त्यानंतर रेरा कायदा आला. महाराष्ट्रात महारेरा 1 मे 2017 पासून सुरू झालं. त्या कायद्याच्या चौदाव्या कलमात म्हटलं आहे, की ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला, तर बिल्डरनं तो 30 दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर भरपाई द्यायची. आणि ताब्याची तारीख आधीच नोंदवायची, ती चुकली तर ग्राहकाला व्याज.

म्हणजे दुबईत जी जबाबदारी एक वर्षाची होती, ती इथं पाच वर्षांची झाली आहे. प्रत्येक मोठ्या बिल्डरला आता ताबा देण्याचं आणि तक्रारींचं खातं वेगळं ठेवावं लागतं. तिथं रहिवाशाच्या घरात बूट काढून शिरेल, शांतपणे ऐकेल आणि डीबी उघडून दोष कुठं आहे ते सांगेल, असा माणूस मिळत नाही. तरुण इंजिनिअरला ते काम नको असतं, कारण त्यात काँक्रीट ओतलेलं दिसत नाही. हा मुलगा ते चौदा महिने करून आला होता आणि ती ओळ लाजून खाली ढकलली होती.

परत येणाऱ्यांचं नेमकं इथंच चुकतं, असं माझं मत झालं आहे. ते तिकडच्या मोठेपणाच्या क्रमानं लिहितात. टॉवरची उंची आधी, तक्रारी शेवटी. तुम्ही गेलात त्यानंतर इथं काय बदललं, ते आधी बघायला हवं. त्याच्या धंद्यात 2016 चा नॅशनल बिल्डिंग कोड, रेरा आणि 2020 ची एकत्रित विकास नियमावली हे सगळं त्याच्या मागे आलं. त्यातलं सगळं वाचायची गरज नाही, पण कुठल्या बदलामुळे आपल्या जुन्या कामाला इथं गिऱ्हाईक निर्माण झालं आहे, हे शोधायलाच हवं. (हे तो मला विचारत नव्हता. तो विचारत होता, की फोटो ठेवू का काढू.)

शेवटी समरी अशी झाली:

'इलेक्ट्रिकल साइट इंजिनिअर. 14 वर्षांचा अनुभव, पुण्यात 3 आणि दुबईत 11 (शेवटची 7 साइट इंजिनिअर म्हणून). एमईपी सबकाँट्रॅक्टरतर्फे 32 मजली, साडेचार लाख चौरस फुटांच्या निवासी टॉवरचं विजेचं काम स्लॅबमधल्या पाइपांपासून वीजजोडणीपर्यंत. 60 माणसांची तुकडी. वीज आणि अग्निशमन तपासण्यांना स्वतः हजर. ताबा दिल्यानंतर 14 महिने रहिवाशांच्या तक्रारींचं निवारण, रेराच्या 5 वर्षांच्या दोष-जबाबदारीसाठी उपयुक्त. मासिक मोजमापं काढण्याची सवय. पुण्यात कायमचा परत, लगेच रुजू होऊ शकतो.'

शेवटची ओळ त्याला अनावश्यक वाटली. पण गल्फमधून आलेल्या माणसाबद्दल इथल्या साहेबाच्या मनात पहिली शंका ही असते, की हा सहा महिन्यांत परत तर जाणार नाही ना. ती शंका मुलाखतीपर्यंत राहू द्यायची नाही. ड्रायव्हिंग लायसन्सची ओळ काढली. 'उत्साही' आणि 'ध्येयनिष्ठ' मी काही न बोलता खोडले, त्यानंही हरकत घेतली नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत त्याला सात फोन आले, आणि त्यातल्या पाच जणांनी टॉवरबद्दल विचारण्याआधी त्या चौदा महिन्यांबद्दल विचारलं. सध्या तो बाणेरजवळच्या एका प्रकल्पावर ताबा आणि दोषनिवारणाचं काम पाहतो. पगार दुबईच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे.