फ्रेंच बोलतात, मराठीत वाचायचं : उपशीर्षकांचा हिशोब

फ्रेंच सिनेमाला मराठी उपशीर्षकं लिहिणं हे भाषांतर आहेच, पण त्याच्या डोक्यावर घड्याळ टांगलेलं असतं. पुस्तकाचा वाचक अडला तर मागचं पान उलटून पाहतो. सिनेमातलं वाक्य पडद्यावरून गेलं की गेलं. त्यातून प्रेक्षकाला फक्त वाचायचं नसतं, नटाचा चेहराही बघायचा असतो. म्हणून इथे शब्द निवडण्याआधी वेळ मोजावी लागते.

काम देणारे बहुतेक जण दोन आकडे हातात देतात. एका ओळीत किती अक्षरं आणि सेकंदाला किती अक्षरं. हे आकडे प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात. आपण अभ्यासासाठी एक नमुना धरू : एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत 42 अक्षरं, आणि वाचनाचा वेग सेकंदाला 17 अक्षरं. मोकळी जागा आणि विरामचिन्हंही मोजायची. वाक्य कितीही छोटं असलं तरी ते साधारण सेकंदभर तरी दिसलं पाहिजे, नाहीतर नुसतं चमकून जातं.

आता 'अक्षर' म्हणजे काय, इथेच मराठीची पहिली अडचण येते. आपण 'स्त्री' हे एक अक्षर समजतो. संगणक मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई अशी सहा चिन्हं मोजतो. 'विद्यार्थी' आपल्या लेखी तीन अक्षरं, संगणकाच्या लेखी दहा. काही प्रणाली संगणकी चिन्हं मोजतात, काही डोळ्यांना दिसणारी अक्षरं. तेव्हा काम सुरू करण्याआधी रिकाम्या चौकटीत 'स्त्री' टाईप करून बघा. आकडा 6 आला की 1, यावर तुमच्या ओळीची खरी लांबी ठरते. या लेखात मी संगणकी चिन्हं मोजतो आहे, कारण ती रीत जास्त कडक आहे.

चला, एक वाक्य घेऊ. प्रसंग मी पाठासाठी रचला आहे. पॉल नावाचा तरुण फोनवर आईशी बोलतोय, मागे बायको बॅग भरते आहे. तो जरा वैतागून म्हणतो :

"एकूत मामाँ, ज त ले देजा दी, ऑं पार दमँ मातँ, ए ऑं रव्यँद्रा पा आवाँ ला फँ द्यु म्वा."

हे बोलायला त्याला 4 सेकंद लागतात. 17 गुणिले 4, म्हणजे आपल्याकडे 68 चिन्हं आहेत. मनात येणारं पहिलं भाषांतर असं : "ऐक आई, मी तुला आधीच सांगितलंय, आम्ही उद्या सकाळी निघतोय आणि महिनाअखेरपर्यंत परत येणार नाही." मोजून बघा, 91 भरतात. 23 चिन्हं जास्त झाली.

काय कापायचं? नवशिक्याची कात्री आधी 'महिनाअखेरपर्यंत' या लांब शब्दावर जाते आणि तो 'महिनाभर' लिहून मोकळा होतो. जागा वाचते, पण अर्थ बदलतो. समजा कथेत आज 20 तारीख आहे. मग पॉल दहा-अकरा दिवसांसाठी चाललाय, महिन्यासाठी नाही. पुढे 30 तारखेला तो दारात उभा राहिला की प्रेक्षक म्हणणार, अरे, हा इतक्यात कसा आला? तारीख, आकडा, नाव यांना हात लावण्याआधी पुढचे प्रसंग बघून घ्यावेत. कधीकधी अख्खी गोष्ट त्या एका शब्दावर अडलेली असते.

कापण्यासारखं दुसरीकडे आहे. 'ऐक' सोडता येतं, कारण आवाजातला वैताग प्रेक्षकाला ऐकू येतो, त्यासाठी फ्रेंच यावं लागत नाही. 'मी तुला आधीच सांगितलंय' याचं काम मराठीतला 'ना' करतो. 'सांगितलं ना' म्हटलं की मी, तुला, आधीच आणि वरचा त्रागा, सगळं आलं. 'परत येणार नाही' हे नकारार्थी वाक्य उलटवून 'परतू' करता येतं. मग तयार होतं ते हे :

```
212
00:14:07,250 --> 00:14:11,250
सांगितलं ना आई, आम्ही उद्या सकाळी निघतोय.
महिनाअखेरीच परतू.
```

वरची ओळ 41 चिन्हांची, म्हणजे मर्यादेत एकच जागा उरली. खालची 17. एकूण 58, सेकंदाला साडेचौदा. वेग आटोक्यात आहे. 'सकाळी' हा शब्दही वाचला, त्याला उगाच बळी द्यायची गरज पडली नाही. मर्यादा 68 असताना 40 वर थांबणारेही असतात. त्यांच्या हातून नटाचं बोलणं तारेतल्या मजकुरासारखं होतं.

जाता जाता, तीच वरची ओळ दिसणाऱ्या अक्षरांनी मोजली तर 41 ऐवजी 26 येते. म्हणजे मोजायची रीत बदलली की एका ओळीत किती जास्त मावेल, बघा.

आता या वाक्यातल्या एका छोट्या शब्दाकडे येऊ, 'ऑं'. बोलीभाषेतल्या फ्रेंचमध्ये 'आम्ही' म्हणायचं असो की 'आपण', दोन्हीला बहुधा हाच शब्द येतो. मराठीत मात्र निवड करावीच लागते, आणि ती फ्रेंच वाक्यात सापडत नाही. समोर कोण आहे, कोण जाणार आहे, हे चित्रात बघावं लागतं. पॉल आईला सांगतोय आणि आई घरीच राहणार आहे, म्हणून 'आम्ही'. 'आपण उद्या निघतोय' लिहिलं तर आईनेही बॅग भरायला हवी! गंमत अशी की 'आपण' तीन चिन्हांचा आणि 'आम्ही' पाच चिन्हांचा. जागेच्या टंचाईत 'आपण' स्वस्त वाटतो. ती दोन चिन्हं दुसरीकडून काढा, इथून नको. फोन ठेवून पॉल बायकोला तेच वाक्य म्हणाला, तर तिथे 'आपण'च हवा.

'ऑं'चा तिसरा अर्थही आहे, 'कोणीतरी'. "ऑं मा वोले माँ वेलो" याचं 'कोणीतरी माझी सायकल चोरली' करायची गरज नाही. 'माझी सायकल चोरीला गेली' हे आपल्याकडे सहज बोललं जातं.

माणसामाणसातल्या नात्याची दुसरी खूण म्हणजे 'त्यु' आणि 'वू'. आपल्या तू आणि तुम्हीसारखीच जोडी. इथे मराठीची बाजू भक्कम आहे. पण बऱ्याचदा भाषांतरकाराला मूळ संवादांबरोबर वेळा लावलेला इंग्रजी मजकूर मिळतो, आणि काम त्यावरूनच उरकलं जातं. इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द, त्यामुळे फरक वाटेतच पुसला जातो. म्हणून कान मूळ ध्वनीवर ठेवा. 'सिल त प्ले' ऐकू आलं तर तू, 'सिल वू प्ले' ऐकू आलं तर तुम्ही (किंवा समोर एकाहून जास्त माणसं आहेत).

फ्रेंच सिनेमात एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. दोन माणसं एकमेकांना 'वू' म्हणत असतात आणि एक जण विचारतो, "ऑं स त्युत्वा?" म्हणजे आता 'त्यु' म्हणूया का? हे वाक्य पडद्यावर दीड सेकंद राहतं, म्हणजे जेमतेम 25 चिन्हं. 'आपण आता एकमेकांना तू म्हणायचं का?' याची 33 होतात. मराठीत यासाठी घरचाच शब्द आहे : 'अहो-जाहो सोडूया?' फक्त 16 चिन्हं. पण हे वाक्य शोभण्यासाठी आधीची सगळी उपशीर्षकं 'तुम्ही'त आणि पुढची 'तू'त असायला हवीत. तो शब्द प्रत्येक वेळी लिहायचीही गरज नसते. 'येताय ना?' आणि 'येतेस ना?' यांत क्रियापदच नातं सांगतं, सर्वनामाची जागा वाचते.

मात्र त्यु म्हणजे तू, हे डोळे मिटून लावू नये. फ्रेंच मुलगा वडिलांना सहसा 'त्यु' म्हणतो. आपल्याकडे काही घरांत बाबांना तू, काही घरांत तुम्ही. माझं मत असं की घर फ्रेंच आहे, तर फ्रेंच घराची रीत दिसू द्यावी, मुलाला 'बाबा, तू' म्हणू द्यावं. पॅरिसमधल्या मुलाला आपल्या वाड्यातला संकोच चिकटवू नये.

शेवटची गोष्ट शब्दक्रमाची. फ्रेंचमध्ये क्रियापद लवकर येतं, मराठीत शेवटी. समजा एक बाई पेन खाली ठेवत म्हणते की मी सही करणार नाही, मग थांबते, आणि दुसऱ्या दमात म्हणते, जोवर तू मला खरं सांगत नाहीस तोवर. मराठी वळण आहे 'तू खरं सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही'. हे दोन उपशीर्षकांत तोडलं तर पेन खाली ठेवताना 'तू खरं सांगितल्याशिवाय' दिसेल, आणि नकार येईल तोवर बाई पुढचं बोलत असेल. हात एक सांगतोय, अक्षरं दुसरंच. इथे वाक्यच दोन करायचं. पहिल्या दमाला : 'मी सही करणार नाही.' दुसऱ्या दमाला : 'आधी खरं काय ते सांग.'

काम जमलं की नाही हे कसं ओळखायचं? स्वतःला विचारून उपयोग नाही. तुम्हाला संवाद पाठ झालेले असतात, त्यामुळे कुठलाही वेग पुरेसा वाटतो. फ्रेंच न येणाऱ्या कुणाला तरी तो भाग दाखवा, आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. विनोदाला ते नटाच्या आधी हसले, तर शेवटचा शब्द लवकर दिसला आहे, वाक्य तोडून तो पुढच्या उपशीर्षकात न्या. त्यांची नजर खालीच खिळून राहिली, तर तिथल्या वाक्यात अजून कापायचं बाकी आहे. आणि मध्येच त्यांनी विचारलं, "आईपण जाणार आहे का यांच्याबरोबर?", तर 212 क्रमांकाचं उपशीर्षक उघडून बघा.