डावा बड हवा, पण कोणत्या पिढीचा?

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘एअरपॉड्स, फक्त डावा, चालू स्थितीत’ अशा जाहिराती भरपूर दिसतात. एक बड हरवलेली माणसं त्या आशेने वाचतात. जाहिरातीत पिढीचा उल्लेख बहुतेक वेळा नसतो, आणि फोटो मात्र डबीचा असतो. घोळ इथेच सुरू होतो, कारण डबीवरून घराणं कळतं, पण बडची पिढी कळेलच असं नाही.

घराणं ओळखणं सोपं आहे. डबी उभट, रुंदीपेक्षा उंची जास्त, आणि बडची दांडी लांब असेल, तर ते पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचे साधे एअरपॉड्स. डबी आडवी आणि बडला सिलिकॉनचं बोंड असेल, तर ‘प्रो’. डबी आडवी, दांडी आखूड, पण बोंड नाही, तर तिसरी किंवा चौथी पिढी. या दोघांतला फरक डबी उलटी करून बघावा. तिसरीच्या मागच्या बाजूला एक गोल बटण असतं, चौथीला ते नाहीच.

खरी अडचण उभट डबीची. पहिली पिढी २०१६ साली आली, दुसरी २०१९ साली, आणि ॲपलने बाहेरचा आकार जवळपास होता तसाच ठेवला. दांडी तेवढीच, आणि तिच्या टोकाला चार्जिंगचे धातूचे संपर्कही त्याच जागी. त्यामुळे पहिल्या पिढीचा बड दुसरीच्या डबीत नीट बसतो आणि चार्जही होतो. ‘चार्ज होतोय, म्हणजे जुळतोय’ असं वाटणं साहजिक आहे, पण चार्जिंगला लागतात ते फक्त धातूचे संपर्क. दोन बड एकमेकांशी जोडले जाणं हे आतल्या चिपचं काम. पहिल्या पिढीत W1 चिप आहे, दुसरीत H1. डावा एका पिढीचा आणि उजवा दुसऱ्या, अशी जोडी लागत नाही.

डबीवरचा दिवा बघून ठरवू म्हटलं, तर तिथेही फसगत. साध्या डबीत दिवा आत, दोन बडच्या मधे असतो. त्या डबीचा क्रमांक A1602, आणि ती दोन्ही पिढ्यांबरोबर विकली गेली. वायरलेस चार्जिंगच्या डबीचा क्रमांक A1938, तिचा दिवा समोर बाहेरून दिसतो. ही २०१९ची, म्हणून आतले बड दुसऱ्या पिढीचे असं कुणीही म्हणेल. पण ती डबी सुटीही मिळायची आणि पहिल्या पिढीच्या बडना चालायची.

माझ्या भाच्याचं नेमकं तेच झालं होतं. डावा बड हरवला, डबीचा दिवा समोर, म्हणून तो दुसऱ्या पिढीचा डावा मागवायला निघाला होता. त्याला म्हटलं, आधी उरलेला उजवा आण. बडच्या खालच्या बाजूला फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत मॉडेल क्रमांक छापलेला असतो. नुसत्या डोळ्यांनी तो वाचणं कठीण. टॉर्चचा उजेड तिरपा पाडला आणि फोनच्या कॅमेऱ्याने मोठा करून पाहिला, तेव्हा A1523 दिसलं. हा पहिल्या पिढीचा उजवा. त्याचा जोडीदार A1722. भाचा जो मागवणार होता तो A2031, म्हणजे दुसरीचा डावा. दुसरीचा उजवा असतो A2032. त्याच्या मामांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, जुन्या डबीला वैतागून ही वेगळी डबी घेतली होती, हे मग सगळ्यांना आठवलं.

योग्य बड मिळाला की दोन्ही डबीत ठेवून झाकण उघडं ठेवायचं. नवी जोडी असल्यामुळे दिवा पिवळसर लुकलुकतो. मागचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की तो पांढरा लुकलुकू लागतो, आणि मग फोनशी जोडायचं. दिवा पिवळसरच राहिला, तर आधी बडवरचे क्रमांक पुन्हा वाचावेत. दांडीच्या टोकाला आणि डबीच्या तळाशी मळ साचल्यानेही बड नीट चार्ज होत नाही, म्हणून कोरड्या कापसाच्या काडीने तिथे पुसून घ्यावं. पाणी किंवा टोकदार वस्तू मात्र वापरू नये.

‘प्रो’च्या बाबतीत डबी जास्त प्रामाणिक आहे. पहिल्या प्रोच्या डबीला दोरी अडकवायला जागा नाही. २०२२च्या दुसऱ्या प्रोला बाजूला ती खाच आहे, आणि खाली स्पीकरची बारीक छिद्रं. त्याच दुसऱ्या प्रोला २०२३पासून लाइटनिंगऐवजी यूएसबी-सीची चार्जिंगची जागा आली. पण इथेही बड सुटा घ्यायचा असेल, तर क्रमांक बडवरचाच धरावा.

विकणाऱ्याकडून डबीचा फोटो आला, तर बडच्या खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागावा. तो स्पष्ट नसेल, तर थांबावं. नकली बडवरही क्रमांक छापता येतो, त्यामुळे क्रमांक जुळला तरी पैसे देण्यापूर्वी बड आपल्या जोडीदारासोबत प्रत्यक्ष जोडून पाहता आला तर उत्तम.