हस्त, भाव आणि रस : नृत्यातील संज्ञांचा अर्थ कसा लावावा

मागील घटकात आपण शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार केला. त्याच प्रश्नाकडे या घटकात थोड्या वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. नर्तकी हात उचलते आणि प्रेक्षकाला ढग दिसतो. तोच हात ती खाली आणते आणि नदी वाहू लागते. या हाताला शास्त्रात 'पताक' हे नाव आहे. मग 'पताक' या संज्ञेचा अर्थ काय? ढग, नदी, की नावाप्रमाणे झेंडा?

प्रथम 'मुद्रा' या शब्दाविषयी. मराठीत आपण 'राजमुद्रा' म्हणतो तेव्हा शिक्का अभिप्रेत असतो आणि 'त्याची मुद्रा गंभीर झाली' म्हणतो तेव्हा चेहरा. हाताच्या ठेवणीला आपण सरसकट 'हस्तमुद्रा' म्हणत असलो, तरी भरताच्या नाट्यशास्त्रात आणि नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणात तिच्यासाठी येणारी संज्ञा 'हस्त' ही आहे. एका हाताने होणारे ते असंयुत हस्त, दोन्ही हात जोडून होणारे ते संयुत हस्त. भरतनाट्यम् शिकणारी मुलगी प्रथम पाठ करते ते अभिनयदर्पणातील असंयुत हस्त, आणि त्यांतील पहिला हस्त पताक. पुढील विवेचनही याच ग्रंथाच्या परंपरेला धरून केले आहे.

पताक हस्तात चारही बोटे सरळ आणि एकमेकांना चिकटलेली असतात, अंगठा दुमडून तर्जनीच्या बुडाशी टेकविलेला असतो. आता यातील अनामिका तेवढी वाकवा. हस्त 'त्रिपताक' झाला. तिच्यासोबत करंगळीही वाकवा, 'अर्धपताक' झाला. वर राहिलेली तर्जनी आणि मधले बोट एकमेकांपासून फाकवा. कात्रीच्या तोंडासारखा दिसणारा 'कर्तरीमुख' झाला. एकेका बोटाच्या फरकाने येथे नवी संज्ञा निर्माण होते. 'काळ' आणि 'गाळ' या शब्दांत एकच ध्वनी बदलला असता अर्थ बदलतो, हे आपण स्वनविचारात पाहिले आहे. हस्तांची व्यवस्थाही याच तत्त्वावर उभी आहे. म्हणूनच पताकातील अंगठा सैल सुटणे ही केवळ अव्यवस्थितपणाची खूण ठरत नाही. अंगठा बाहेर ताणला गेला की तो हस्त पताक राहतच नाही, 'अर्धचंद्र' होतो, आणि अर्धचंद्राचे अर्थ वेगळे आहेत : अष्टमीचा चंद्र, कंबर, चिंता, प्रार्थना. उच्चार चुकल्याने शब्दच बदलावा, तसे हे होते.

हस्त कोणत्या अर्थांसाठी वापरावा, हे सांगणाऱ्या यादीला 'विनियोग' म्हणतात. पताकाच्या विनियोगात ढग, वन, रात्र, नदी, वारा, घोडा, निषेध, शपथ, आशीर्वाद असे अनेक अर्थ येतात. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला मौज वाटावी असा त्यांतला एक म्हणजे सात विभक्तींचे अर्थ. पण या लांबलचक यादीत झेंडा नाही! 'ध्वज' येतो तो अर्धपताकाच्या विनियोगात. यावरून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : हस्ताचे नाव त्याच्या आकारावरून पडलेले असते, ते त्याचा अर्थ सांगत नाही. क्वचित दोन्ही जुळतात. 'मयूर' हस्ताच्या विनियोगात मोर आहेच, परंतु त्याच हस्ताने कपाळावर तिलकही रेखाटला जातो.

नावही सर्वत्र एकच आकार दर्शविते असे नाही. केरळातील कथकळी 'हस्तलक्षणदीपिका' या ग्रंथाला अनुसरते आणि तेथे 'पताक' म्हणून जो हस्त शिकवितात, त्यात अनामिका वाकलेली असते. म्हणजे भरतनाट्यम् ज्याला त्रिपताक म्हणेल, तोच हा. दोन बोलींत एकच शब्द दोन वस्तूंसाठी असावा, तसा हा प्रकार आहे. तेव्हा हस्ताचा अर्थ लावण्यापूर्वी तो कोणत्या परंपरेतला, हे विचारणे आवश्यक ठरते.

आता एक वाक्य घेऊ : 'मेघ आले, नदी भरली, पण तो आला नाही.' यातील तीन ठिकाणी पताक योजता येतो. मेघासाठी हात डोक्याच्या वर जातात आणि दृष्टी त्यांच्यामागे वर जाते. नदीसाठी तळवे खाली वळतात, बोटांना लाटेसारखी हालचाल मिळते आणि हात एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात. नकारासाठी तळवा समोर येतो, छातीच्या उंचीवर हलतो, आणि मान डावीउजवीकडे फिरते. मानेच्या या हालचालीला 'धुत' हे नाव असून 'नाही' म्हणणे हा तिच्या विनियोगांपैकी एक आहे. हाताची घडण तीच. अर्थ ठरतो तो स्थान, गती, दृष्टी आणि गायले जाणारे पद यांच्या संदर्भाने. आपणही 'कर' हा शब्द हात, किरण की सरकारी देणे, हे वाक्यावरूनच ओळखतो.

हे वाक्य वाचून तुमच्या मनात कोणता रस आला? पुढे जाण्यापूर्वी क्षणभर थांबून उत्तर वहीत लिहा.

येथे भाव आणि रस यांतील भेद उपयोगी पडतो. भाव पात्राचा असतो, रस आस्वादकाचा. भरताने दोहोंना वेगळी नावे दिली ती याच कारणाने : पात्राच्या ठायी रती, प्रेक्षकाला शृंगार, तेथे शोक, येथे करुण, तेथे भय, येथे भयानक, तेथे जुगुप्सा, येथे बीभत्स. 'नर्तिकेच्या चेहऱ्यावर करुण रस दिसला' हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वरचेवर आढळते. चेहऱ्यावर दिसतो तो शोक. शिवाय या संज्ञांचे आजचे मराठी अर्थ आड येतात. आपला 'शृंगार' नटण्यापुरता उरला आहे, 'बीभत्स' अश्लीलाकडे झुकला आहे. शास्त्राची संज्ञा वाचताना हे रोजचे अर्थ बाजूला ठेवावेत.

'तो आला नाही' हे ऐकून पुष्कळांनी वहीत 'करुण' लिहिले असेल. भरताची कसोटी लावून पाहा. विप्रलंभ शृंगारात पुनर्भेटीची अपेक्षा शिल्लक असते. करुणात ती उरलेली नसते. दोन्हींत अश्रू, निःश्वास, कृशता येऊ शकते, त्यामुळे केवळ अश्रूंवरून निर्णय करता येत नाही. हातही येथे पुरेसा नाही, कारण कर्तरीमुखाच्या विनियोगात विरहही आहे आणि मरणही. नायिका ते फाकलेले बोट दाखवून पुन्हा दाराकडे पाहील, चाहूल लागल्यासारखी थबकेल, तर तिच्या ठायी रतीच आहे आणि आपला अनुभव विप्रलंभ शृंगाराचा. तीच दृष्टी दाराकडून परत फिरून जमिनीवर स्थिरावली आणि पुन्हा उचललीच गेली नाही, तर त्याच हस्ताने तो कधीच येणार नसल्याचे सांगितलेले असते.