कोकेथिलीन : कोकेन व मद्यार्क यांच्या संयोगाचा हृदयावरील भार

कोकेन रक्तात मिसळल्यावर यकृतातील कार्बॉक्सिलएस्टरेझ हे एन्झाइम त्याच्या रेणूतील मिथिल एस्टरचा बंध पाण्याच्या साहाय्याने तोडते. त्यातून निर्माण होणारे बेंझॉइलएक्गोनीन बहुतांशी निष्क्रिय असल्यामुळे ही पायरी वस्तुतः विषहरणाची होय. परंतु रक्तात मद्यार्क असल्यास त्याच एन्झाइमच्या ठायी पाण्याची जागा काही अंशी मद्यार्क घेतो. मिथिल गट जाऊन तेथे इथिल गट बसतो, आणि कोकेथिलीन हे नवे सक्रिय द्रव्य उत्पन्न होते. मानवी मूत्रात ते १९७९ साली प्रथम आढळले.

कोकेनप्रमाणेच कोकेथिलीन हृदयाच्या पेशींतील सोडियमच्या वाहिका अडविते, त्यामुळे विद्युत्संवेगाचे वहन मंदावते व लय बिघडू शकते. शिवाय ते अधिक काळ टिकते. कोकेनचा अर्धायुकाल १ तास व कोकेथिलीनचा २ तास धरल्यास, ४ तासांनंतर पहिल्याचा सोळावा, तर दुसऱ्याचा चौथा भाग उरतो. नशा उतरली तरी हृदयावरील भार उतरत नाही, तो यामुळे.

तथापि सर्व दोष कोकेथिलीनचा नव्हे. त्याचे प्रमाण कोकेनच्या मानाने अल्प असते. मद्यार्कामुळे कोकेनचे विघटनही मंदावते व त्याची रक्तातील पातळी वाढते. नाडी जलद होऊन हृदयाची प्राणवायूची गरज वाढते. त्याच वेळी कोकेनमुळे हृद्‌रोहिण्या आकुंचित झालेल्या असतात. मूत्रात कोकेथिलीन सापडणे हा मात्र दोन्ही पदार्थ शरीरात एकाच वेळी होते याचा पुरावा ठरतो.