बलकाचा रंग ठरतो खाद्याच्या गोणीत

गावरान अंडं ओळखायची एक खूण बाजारात सगळ्यांना पाठ असते: फोडलं की बलक केशरी दिसला पाहिजे. फिकट निघाला तर ते ‘पोल्ट्रीचं’, म्हणजे कमी कसाचं, असा निकाल लागतो. ही खूण पोल्ट्रीवाल्यांनाही ठाऊक असते आणि हवा तो रंग आणणं त्यांच्या हातात असतं.

कोंबडी पिवळा रंग स्वतः तयार करू शकत नाही. मका, हिरवा पाला, गवत, झेंडू यांत झँथोफिल नावाची पिवळी रंगद्रव्यं असतात. ती खाद्यातून रक्तात आणि रक्तातून बलकात उतरतात. गंमत अशी, की गाजराला केशरी करणारं बीटा कॅरोटीन मात्र बलकात फारसं पोचत नाही, कारण कोंबडी त्याचं बरंचसं ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते आणि त्या जीवनसत्त्वाने बलकाला रंग चढत नाही. त्यामुळे बलक केशरी म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व जास्त, हा हिशेब जुळत नाही.

एका साध्या लेअर फार्मचं खाद्य घेऊ. त्यात निम्म्याहून थोडा जास्त पिवळा मका असतो, बाकी सोयापेंड, शिंपल्यांची भुकटी आणि क्षार-जीवनसत्त्वं. किलोभर पिवळ्या मक्यात साधारण २० मिलिग्रॅम झँथोफिल असतं आणि कोंबडी दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे तिच्या पोटात रोज जेमतेम मिलिग्रॅमभर रंग जातो. तेवढ्यावर बलक छान पिवळा होतो, केशरी होत नाही. आता मका महागला म्हणून मालकाने त्याच्या जागी कणी, बाजरी किंवा ज्वारी भरली, तर प्रथिनं आणि उष्मांक नीट जुळवता येतात, कोंबड्या अंडीही तशीच देतात, पण या धान्यांत पिवळा रंग फारच कमी. बलक अंडाशयात शेवटच्या आठ-दहा दिवसांत थरावर थर चढत भराभर वाढतो. त्यामुळे खाद्य बदलल्यावर तीन-चार दिवसांत रंग उतरायला लागतो आणि दोन आठवड्यांत बलक पार फिकट होतो. गिऱ्हाईक तक्रार करतं, अंड्याच्या कसात मात्र सांगण्यासारखा फरक पडलेला नसतो.

याच्या उलटही करता येतं. झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्यांच्या भुकटीत मक्याच्या काही शेपट झँथोफिल असतं, त्यामुळे किलोभर खाद्याला ग्रॅमभर भुकटीही दिसण्याइतका फरक करते. पण नुसता पिवळा रंग कितीही वाढवला तरी बलक गडद पिवळाच होत जातो. केशरी छटा हवी तर थोडा लाल रंग लागतो: लाल मिरचीचा अर्क, नाहीतर कारखान्यात तयार झालेलं कँथाझँथिन, किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम. युरोपात या कँथाझँथिनवर मर्यादा आहे. त्वचा सावळी दिसावी म्हणून त्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या पडद्यावर स्फटिक साचलेले आढळले होते. २००३ मध्ये लेअर कोंबड्यांच्या खाद्यातलं त्याचं प्रमाण किलोमागे ८ मिलिग्रॅमवर आणलं गेलं.

रंग मोजायला या धंद्यात ‘रोश फॅन’ नावाचा पट्ट्यांचा पंखा वापरतात. १ म्हणजे जवळपास पांढरट आणि १५ म्हणजे लालसर केशरी. ठरलेला आकडा गाठायचं गणित खाद्य बनवणाऱ्याकडे तयार असतं. म्हणूनच ट्रेमधल्या तीसच्या तीस अंड्यांचा बलक एकसारखा गडद केशरी निघाला, तर मला मोकाट चरणाऱ्या कोंबड्यांपेक्षा मोजून मिसळलेलं खाद्य आठवतं. परसातली प्रत्येक कोंबडी वेगळं काही टिपते. पावसाळ्यात हिरवळ मुबलक असते, उन्हाळ्यात उकिरडा आणि सांडलेले दाणे. तिथल्या अंड्यांचा रंग एकसारखा राहत नाही.

रंगाला अगदीच अर्थ नाही असंही नव्हे. झेंडू-मक्यातलं ल्युटीन बलकात उतरतं आणि ते माणसाच्या डोळ्यांनाही उपयोगी आहे. पण मिरची किंवा कँथाझँथिनमुळे आलेल्या केशरीपणातून ल्युटीनचं प्रमाण कळत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. रंगाचा खरा उपयोग फार्मवाल्याला होतो. खाद्य तेच असताना बलक अचानक फिका पडू लागला, तर आतड्यात जंत किंवा रक्ती हगवण शिरली आहे, किंवा मक्याला बुरशी लागली आहे, अशी शंका घ्यायला हवी, कारण आजारी आतडं रंग नीट शोषत नाही. विदर्भात सरकीची पेंड स्वस्त मिळते म्हणून कोणी कोंबड्यांना बेतापेक्षा जास्त घातली, तर तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट, शेवाळी होतो.

घरी अंडं पारखायचं असेल तर ते ताटलीत फोडा आणि बलकाभोवतीचा पांढरा भाग पाहा. तो दाट, घट्ट आणि उंच उभा असेल, बलक गोल फुगीर असेल, तर अंडं ताजं, मग बलक लिंबासारखा पिवळा का असेना. पांढरा भाग पाण्यासारखा पसरला आणि बलक चपटा बसला, तर कितीही केशरी असलं तरी ते शिळं आहे.