तिसऱ्या प्रतीवरचा आठ

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याने मुर्धा, राई मागे टाकत मोरव्याकडे निघालं की वाटेवरच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून तो कर्रर्र आवाज अजून येतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतही तो येतो. हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि त्यातून निघतं तीन रंगी कागदांचं बिल.

आवाज टिकून राहण्यामागे जीएसटीचा नियम 48 आहे. माल विकला की बिलाच्या तीन प्रती हव्यात: मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी टेम्पोवाल्याकडे, तिसरी दुकानात. त्या ठोक्याच्याच प्रिंटरवर काढा, असं कायदा म्हणत नाही. लेझरवर तीन पानं काढली तरी चालतात. पण ठोक्याच्या बिलात तिन्ही प्रती एकदमच उमटतात, आणि माल उतरवून घेताना वरच्या कागदावर केलेली सही खालच्या दोन्हींवर आपोआप जाते. दुकानदाराला हवी असते ती ही सही. वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेलेल्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस करावं लागतं. अशा बिलांना तीन प्रतींचं बंधन नाही, उलट त्यांवर क्यूआर कोड नीट छापायचा असतो. नऊ पिनांच्या हेडला ते बारीक चौकोन धड जमत नाहीत. म्हणून हा प्रिंटर आता मुख्यतः छोट्या दुकानांत उरला आहे.

हेडमध्ये केसासारख्या नऊ तारा एकाखाली एक उभ्या असतात, प्रत्येक साधारण 0.3 मिलिमीटर जाडीची. पिन पुढे झेपावते, शाईच्या नायलॉन फितीवर आपटते आणि ठिपका उमटतो. खालच्या प्रतींना तर शाई मिळतच नाही. तिथे मधला कार्बन उमटतो किंवा एनसीआर कागदावरच्या सूक्ष्म कुप्या त्या धक्क्याने फुटतात. वरची प्रत शाईवर चालते, तिसरी निव्वळ जोरावर, हे लक्षात ठेवलं की बिघाड वाचता येतो. तिन्ही प्रतींत फक्त पहिलीच फिकी झाली, तर रिबन संपली. पहिली काळीभोर आणि तिसरी पुसट, तर जोर कमी पडतो आहे.

रोज 60 बिलं काढणारं एक दुकान धरू. एका बिलात दोन हजार अक्षरं. एप्सन एलएक्स-310 ची रिबन सुमारे 40 लाख अक्षरांची, म्हणजे दोन हजार बिलं, महिन्याहून थोडंच जास्त. फीत गोल फिरत राहते, त्यामुळे ती एकदम संपत नाही, हळूहळू सुकते. इथे काटकसर महाग पडते. रिबनची शाई पिनांना वंगणही देत असते. सुक्या फितीवर पिना घासतात, आणि ठोके खाऊन फितीचे धागे सुटले की त्यांत पिन अडकून वाकते. शिक्क्याच्या पॅडची शाई ओतणं त्याहून वाईट. ती पिनांच्या वाटेत वाळून बसते.

आता त्याच बिलातल्या आडव्या रेघा पाहा. साध्या मजकुराच्या छपाईत त्या रेघा म्हणजे ओळीने मारलेले डॅश असतात, आणि डॅश मारते बहुधा एकटी चौथी पिन. ऐंशी डॅशच्या चार ओळी, प्रत्येक डॅशला पाच ठोके धरले तर एका बिलात 1,600 ठोके. वर्षाचे 300 दिवस धरले तर 2 कोटी 88 लाख. पिनेचं आयुष्य साधारण 20 कोटी ठोके धरतात. म्हणजे अक्षरांचे ठोके न मोजताही, केवळ रेघांनी ती पिन सात वर्षांत संपते. शेजारच्या पिनांत तेव्हा अजून बराच दम असतो.

चौथी पिन झिजून आखूड झाली की पहिल्या प्रतीवर काहीच कळत नाही. तिसरीवर आधी रेघा जातात. त्यांच्याबरोबर आठच्या पोटातली आडवी रेघही जाते, कारण तीही तीच पिन काढते. इंग्रजी 8 मग 0 सारखा दिसतो. गिऱ्हाइकाच्या प्रतीवर 1,880 आणि दुकानाच्या फाईलमध्ये 1,000. तिसऱ्या प्रतीवरून वह्या जुळवणाऱ्याची यात काय चूक?

अशा वेळी बहुतेक जण बाजूचा कागदाच्या जाडीचा खटका हलवून हेड कागदाच्या आणखी जवळ आणतात. अक्षर गडद होतं खरं, पण उरलेल्या पिना तीन कागदांच्या थरावर जास्त जोराने आदळतात आणि एखादी तुटते. खटका कागदांच्या संख्येप्रमाणेच हवा. खटक्याला हात लावण्याआधी `LF/FF` बटण दाबून धरत प्रिंटर चालू करावा. चाचणीचं पान येतं, आणि प्रत्येक अक्षरातून एकाच उंचीवर पांढरी रेघ गेलेली दिसली तर तेवढी पिन गेली समजायचं. ही चाचणी एका कागदावर करू नये, तीन प्रतींचाच कागद लावावा आणि शेवटची प्रत पाहावी.

हेड बदलेपर्यंत दोन गोष्टी करता येतात. बिलाच्या नमुन्यातल्या चारपैकी दोन रेघा काढून टाकायच्या, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शून्यावर तिरकी रेघ चालू करायची. ती रेघ नऊपैकी अनेक पिना मिळून काढतात, त्यामुळे चौथी गेली तरी ती ओळखू येते, आणि पोट हरवलेला आठ निदान शून्य म्हणून वाचला जात नाही.